नाव नसलेल्या तीन नळ्या

नळ्या घेऊन मुलीचे वडीलच खाली लॅबमध्ये आले. शहरातल्या आमच्या रुग्णालयात वॉर्डबॉय जागेवर नसला की नातेवाइकांच्या हाती सॅम्पल पाठवतात. हे गृहस्थ पाचोडच्या बाजारात बांगड्यांचं दुकान लावायचे. एकोणीस वर्षांची मुलगी सकाळी तापात बरळत दाखल झाली होती. मान ताठ होती. दुपारी तिच्या मणक्यातलं पाणी काढलं, आणि त्यानंतर लगेच अँटिबायोटिक सुरू केलं.

खिडकीवर सॅम्पल स्वीकारणाऱ्या माझ्या सहकारी तरुणीने नळ्या उजेडात धरल्या. एक, दोन, तीन असे आकडे होते. नाव नव्हतं, नोंदणी क्रमांक नव्हता.

"मॅडम, रिजेक्ट ना?"

रक्ताची नळी असती तर उत्तर सरळ होतं. नाव नसलेलं रक्त आम्ही परत पाठवतो, नवं मागवतो. कुणी ओळखीचा असो, विभागप्रमुख असो. पण रक्त पुन्हा मिळतं. हे पाणी पुन्हा काढायचं तर मुलीच्या पाठीत पुन्हा सुई. शिवाय औषध रक्तात गेलेलं. दुसऱ्या वेळच्या पाण्यात जंतू दिसतीलच याचा भरवसा नाही. वरच्या डॉक्टरांना ठरवायचं होतं ते हेच: मेंदूज्वर साध्या जंतूंचा की टीबीचा. एकाचा इलाज काही दिवसांचा, दुसऱ्याचा कित्येक महिन्यांचा.

खिडकीतून वडील म्हणाले, "मॅडम, नाव मी सांगतो ना, लिहा. वरून इथवर मुठीत आणलंय, कुठं ठेवलं नाय."

"चाचा, तुमचं खरं असेल. पण सुई ज्यांनी लावली त्यांनीच सांगायला हवं."

"म्हंजे बापाला लेकीचं नाव ठाऊक नसंल व्हय?" ते हसले नाहीत. "फेकू नका तेवढं. लई तडफडली वो ती."

अशा सॅम्पलसाठी आमच्या नियमात एक वाट ठेवलेली आहे. जे पुन्हा मिळणं कठीण, ते फेकायचं नाही. तपासणी सुरू करायची, कारण या पाण्यातल्या पेशी तासाभरात विरघळू लागतात. अहवाल मात्र रोखून धरायचा. ज्याने सॅम्पल काढलं त्याने स्वतः येऊन ओळख पटवायची, सही करायची. मी प्रमुख डॉक्टरांना फोन केला. त्यांनी होकार दिला. मग वॉर्डातल्या निवासी डॉक्टरला लावला.

"मॅडम, माझंच आहे ते. तुम्हीच लिहून टाका ना नाव."

"मी लिहिणार नाही. तुम्ही या."

"इथे श्वास घ्यायला फुरसत नाही!"

"फुरसत झाली की या. रिपोर्ट तोवर माझ्याकडे. आणि येताना तिच्या मनगटावरच्या पट्टीचा नंबर वाचून या, केसपेपरचा नको."

पलीकडून फोन आपटल्याचा आवाज आला.

मी पाणी यंत्रात गरगर फिरवून तळाचा गाळ काचपट्टीवर घेतला, वाळवला, रंगवला. पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली तेव्हा निवासी डॉक्टर धापा टाकत दारात उभा होता.

"आज दुपारी वॉर्डात आणखी कुणाचं पाणी काढलंत?" मी विचारलं.

"कुणाचंच नाही. एकटीचं." त्याने पहिल्या नळीकडे बोट केलं. "ही जरा लालसर, सुरुवातीला सुईला रक्त लागलं होतं. तिसरी बघा, रक्त नाही, नुसती गढूळ. माझीच आहेत." मनगटावरचा नंबर नळ्यांसोबत आलेल्या अर्जावरच्या नंबराशी जुळला. त्याने तिन्ही नळ्यांवर नाव आणि नंबर लिहिला, सही केली. "आता बोला, रागवा."

"रागवायला वेळ नाही. डोळा लावा इथे."

पूपेशींच्या गर्दीत निळसर जांभळे गोल ठिपके होते, जोडीजोडीने. न्यूमोनियाचे जंतू असतात तसे, टीबीचे नव्हेत. पलीकडच्या टेबलावरून सहकारी ओरडली, "पाण्यातली साखर अगदीच कमी आलीय!" दोन्ही निष्कर्ष तातडीने फोनवर कळवायच्या यादीतले. मी वॉर्डाला फोन लावला. उचलला मावशींनी.

"सांगा, मी निरोप देते."

"मावशी, निरोप नको. सिस्टरना द्या."

सिस्टरनी मुलीचं नाव, नंबर आणि निष्कर्ष लिहून घेतले आणि मी सांगायच्या आत परत वाचून दाखवले, शब्दाला शब्द. मी वेळ आणि त्यांचं नाव टिपलं. निवासी डॉक्टर तोवर जिन्यावर पोहोचला होता. वर वॉर्डात टीबीच्या औषधांची चिठ्ठी वडिलांच्या हाती पडायच्या बेतात होती. ती त्याने काढून घेतली.

कल्चरमध्येही तोच जंतू वाढला. चालू होतं तेच औषध त्याला लागू पडणारं निघालं. अहवालाखाली, नळ्यांवर नाव नसल्याची आणि नंतर ओळख पटवल्याची टीप होती. प्रमुखांनी ती वाचली आणि म्हणाले, "हे असंच व्हायला पाहिजे." एरवी ते असं काही बोलत नाहीत.

काही दिवसांनी रक्ताच्या तपासणीसाठी मुलगी स्वतःच्या पायांनी खाली आली. मागे वडील, तिने धरू न दिलेला हात तसाच पुढे करून. सहकारी टेबल सोडून खिडकीशी आली, मीही. मुलीने आमच्याकडे पाहिलं, मग वडिलांकडे.

"अब्बा, ह्या सगळ्या मलाच का बघायल्यात?"

वडिलांनी खुर्ची पुढे सरकवली. मुलगी खुर्चीत बसली, बाही वर सारली आणि म्हणाली, "घ्या लवकर. वर पोहे आलेत, थंड व्हतील."