सुतकातली लावणी

सासूबाई गेल्या आणि खांदा कॉलनीतलं आमचं घर एकदम मुकं झालं. टीव्ही बंद, गाणी बंद; सुतक म्हटल्यावर कोण काय बोलणार? पण त्याच घरात त्या पोळ्या लाटताना ढोलकीवरच्या लावण्या मोठ्यांदा लावायच्या. मला ती शांतता सोसेना.

म्हणून दुपारी गच्चीवर कपडे वाळत घालायच्या निमित्ताने जायचं, कानात इअरफोन घालायचे आणि त्यांची लाडकी लावणी लावायची. आधी आपलं ऐकणं लपवणारं प्रायव्हेट सेशन चालू करायला विसरत नव्हते. कारण पुण्याची माझी नणंद गाण्यांच्या अ‍ॅपवर मला फॉलो करते. मी काय ऐकते ते तिला ऑफिसच्या कॉम्प्युटरवर दिसतं, ती काय ऐकते ते मला. फोन करायला वेळ नसला तरी आमचं असं बरं चाललं होतं. आई गेल्यापासून तिच्या नावापुढे नवं गाणं नव्हतं. साहजिक होतं.

एके दुपारी गाणं संपल्यावर सहज पाहिलं, तर प्रायव्हेट सेशन बंद. त्या दिवशी ते सकाळीच लावून ठेवलं होतं, पण नंतर फोन बंद करून चालू केला, तेवढ्यात ते आपोआप संपलं होतं. ते तात्पुरतंच असतं, हे मला कोण सांगणार? म्हणजे लावणी थेट तिच्या समोर. आई जाऊन आठवडा झाला नाही आणि सून लावण्या ऐकतेय!

सेटिंगमधलं ‘ऐकणं फॉलोअर्सना दाखवा’ बंद केलं. ते आपण चालू करेपर्यंत बंदच राहतं. पण तिने पाहिलं असेल ते थोडंच पुसलं जाणार? तिला ब्लॉक करायचंही मनात आलं. म्हणजे चोर तो चोर वर शिरजोर. संध्याकाळी डाळीत मीठ दोनदा पडलं.

दहाव्याला ती पुण्याहून पुन्हा आली. पाहुणे जेवत असताना स्वयंपाकघरात मला गाठून म्हणाली, “वहिनी, तुझी गाणी दिसेनाशी झाली. मला काढून टाकलंस?”

“नाही गं. सगळ्यांसाठीच बंद केलंय. तू पाहिलंस ना? मला त्यांची फार आठवण येत होती. तुला वाटलं असेल...”

“पाहिलं,” ती म्हणाली. पापडांचा डबा उघडला, पुन्हा लावला. “तू ऐकतेस म्हटल्यावर मला जरा धीर आला. रोज तेच ऐकत होते गं मी. तुला दिसू नये म्हणून प्रायव्हेटमध्ये.”