नव्वद कॉलरी

वारसियेमचा कुणावरच विश्वास नव्हता. इंडोनेशियातल्या सेमारंगच्या आमच्या शर्टाच्या कारखान्यात ती अकरा वर्षं कॉलर शिवायची. तिची शिवण उलटून बघा, आतला टाकासुद्धा सरळ. पण कुणी गोड बोललं की ही लगेच मला कोपरानं डिवचायची, "पोटात काहीतरी आहे हिच्या."

पूर्वी आम्हाला 'जमेल तेवढं करा' एवढंच सांगत. तासाला पन्नासेक कॉलरी व्हायच्या. मग मुकादम म्हणून रुसमिनी आली. तिनं बासष्टचा आकडा लावला आणि तासातासाला फळ्यावर कुणाच्या किती ते लिहायला लागली. आम्ही कुरकुरलो, पण खरं सांगते, आकडा समोर दिसला की हात आपोआप चालायचे. तीन आठवड्यांत जवळजवळ सगळ्या बासष्टला पोचलो.

वारसियेम अडुसष्ट शिवायची आणि बासष्टच दाखवायची. उरलेल्या सहा मशीनखालच्या डब्यात टाकायची. तिच्या आधीच्या कारखान्यात आकडा गाठला की पुढच्या महिन्यात वाढायचा. दुधानं तोंड पोळलेलं, ताक फुंकणारच ती.

मग वरून नव्वदचं फर्मान आलं. रुसमिनीनं आम्हाला गोळा करून हळूच सांगितलं, साहेबाला मी दोन तासांच्या चाचणीसाठी राजी केलंय. तुम्ही तुमच्या खऱ्या वेगानं शिवा. कुणालाच जमत नाही हे त्याच्या डोळ्यांना दिसलं, की पासष्टवर येईल.

वारसियेमचा करार महिनाअखेरीला संपत होता. ती माझ्या कानाशी लागली, "चाचणी कसली? ज्यांना जमणार नाही त्यांची यादी करतायत. तू बस भोळी."

मी म्हटलं, रुसमिनी खोटं बोलणारी नाही गं. तिनं नुसतं नाक मुरडलं.

दुसऱ्या दिवशी साहेब घड्याळ घेऊन उभा. आम्ही घाम गाळून त्रेसष्ट, चौसष्ट. वारसियेमनं मात्र साहेबाची पाठ फिरेल तसा डबा रिकामा केला. फळ्यावर दोन्ही तासांना तिचे एक्याण्णव.

साहेब खूश झाला. "बघ, जमतंय की! बाकीच्या आळशी आहेत," असं रुसमिनीला सुनावून त्यानं सगळ्यांना नव्वद कायम केले. रुसमिनीच्या हातातल्या कागदावर पासष्ट लिहिलेलं होतं. तिनं तो वारसियेमसमोर ठेवला आणि निघून गेली. वारसियेम कागदाकडे बघतच राहिली. मला तिचा इतका राग आला होता, की मी तोंड फिरवून बसले.

दोन दिवसांत निम्म्या बायकांनी फळ्याकडे बघणंच सोडलं. चौथ्या दिवशी तपासणीतून कॉलरींचा एक गठ्ठा परत आला. आतला टाका गाळलेला, चिमटीत धरून ओढलं की कॉलर उसवत होती. कुणाचा म्हणून मी गठ्ठ्याला बांधलेली चिठ्ठी बघितली.

चिठ्ठीवर वारसियेमचा नंबर होता.