कमळाची चिमटी

लूमवर दिवसभर सुताच्या कांड्या भरून कमळा घरी आली, तेव्हा तिचे पाय भरून आले होते. ओटीवर सासरा दौलत मान मागे टाकून पडलेला, आणि शेजारची ठकुबाई त्याला फोडलेला कांदा हुंगवत होती. "नाकातलं रगत थांबलं हाय बघ," ती खुशीत म्हणाली.

थांबलं कसलं! म्हातारा सारखे घोट गिळत होता. रक्त घशात उतरत होतं.

"मामा, उठून बसा. पुढं वाका. तोंडानं श्वास घ्या, आलं ते थुंका." तुटला धागा धरावा तसा कमळानं नाकाचा मऊ भाग चिमटीत घट्ट धरला.

"थांबलं का गं? बघ जरा," ठकुबाईची भुणभुण सुरू.

"मधेच सोडून बघितलं की पुन्हा पहिल्यापासून!" कमळा खेकसली.

पंधरा मिनिटांनी सोडलं, तरी धार तशीच. पुन्हा तेवढाच वेळ धरलं, थांबेना. मग तिनं टांगा बोलावला आणि नाक तसंच धरून दवाखाना गाठला.

डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला, नाकात भरायची पट्टी हातात घेतली. "सोडा आता, बाई. पुढचं मी बघतो."

कमळाची बोटं उघडेनात. लग्न होऊन आल्यापासून "पुढचं मी बघतो" असं तिला कुणी म्हटलंच नव्हतं.