पेटीवाला मल्लेश की बेंजोवाला

मल्लेश स्वामी हा मलप्पाचा सख्खा धाकटा भाऊ. शिरूर अनंतपाळात ही गोष्ट ज्याला ठाऊक न्हाई असा माणूसच उरला नव्हता, कारण मलप्पाची ती सगळ्याला सांगून झाली होती. भाऊ किराणा दुकानात तूरडाळ तोलता तोलता शिवभजन गुणगुणायचा अन् दुपारी शटर अर्धं ओढून पेटी वाजवायचा. मलप्पा गिऱ्हाइकाला म्हणायचा, "डाळ मागून घ्या. आधी ऐका!" गिऱ्हाईक बिचारं पिशवी धरून उभं.

मलप्पा सातवी शिकलेला, पण भावाची पाच भजनं लातूरच्या स्टुडिओवाल्या महांतेशकडं रेकॉर्ड करून मोबाइलच्या गाण्यांच्या अ‍ॅपवर चढवायला तोच घेऊन गेला होता. चढवताना महांतेशनं विचारलं होतं, "स्वामी, ह्या नावाचा एक कलाकार इथं आधीच हाय. महिन्याला चाळीस हजार लोक ऐकतेत त्याला. हेच का तुमचे? का नवं पान काढू?" त्या पानावरच्या फोटोत माणूस नव्हता, नुसता त्रिशूळ होता.

"चाळीस हजार?" मलप्पाची छाती शर्टात माईना. "मग आमचाच की! दुसरा कोण असणार?"

मल्लेश तवा बाहेर चहा आणायला गेलता.

तीन महिने गेले. एका दुपारी भोकरहून बहीण गुरम्माचा फोन. ती बोलायच्या आधी हसूनच राहिली होती.

"अण्णा, आमच्या शिवनाम सप्ताहाच्या कमिटीला मल्लेशचं भजन लई आवडलं, पत्रिकेत नावबी घातलं. अध्यक्ष ईश्वरप्पांनी ते मंदिरात भोंग्यावर लावलं. ते संपलं की त्याच नावाचं पुढचं गाणं आपोआप लागलं."

"मग? तेबी भारीच असंल!"

"हळदीचं होतं! 'नवरीच्या मामा, कंबर हलीव'. बेंजोवर! दोन म्हातारे उठून नाचले, महाराज उठून गेले. आता ईश्वरप्पा म्हणतेत, हा माणूस नको. पत्रिका उद्या सकाळी छापायला चालली अन् मल्लेशचं नाव काटलंय."

मलप्पानं मल्लेशला सगळं सांगितलं. मल्लेशनं डाळीचं माप खाली ठेवलं. भोकरच्या सप्ताहात वाजवायचं, हे त्याचं लहानपणापासूनचं एकच मागणं. त्यानं पेटीवर फडकं टाकलं, अन् तेच मलप्पाला जास्त लागलं.

"ऊठ! पेटी घे!" मलप्पा म्हणाला.

पेटी मोटारसायकलच्या टाकीवर, मलप्पा पेटीच्या मागं, मल्लेश मलप्पाच्या मागं, अशी वरात लातूरला पोचली. मलप्पा हँडल धरून होता का पेटी, हे वाटेत कुणालाच कळलं न्हाई.

महांतेश म्हणाला, "अहो, नाव सारखं असलं तरी प्रत्येक कलाकाराच्या पानाचा पत्ता येगळा असतो. तुम्ही 'आमचाच' म्हणलात म्हणून भजनं त्या पानाला लागली. आता नवं पान मागतो, पाच भजनांची यादी अन् दोन्ही पानांच्या लिंका देतो, अ‍ॅपवाले ती हलवतेत."

"आत्ता?"

"तीन-चार दिवस. कधी हप्ताबी."

"पत्रिका उद्या हाय रे बाबा!"

मग मल्लेश पहिल्यांदा बोलला. "त्या दुसऱ्या मल्लेशलाच विचारू की." त्याच्या हळदीच्या व्हिडिओखाली ऑर्डरसाठी नंबर होता. नांदेडचा. मलप्पानं फोन लावून भजनांचा घोळ सांगितला.

"शरणार्थ!" पलीकडून खणखणीत आवाजात नमस्कार आला. "तुम्हीच का ते भजनवाले? अहो, परवा अर्धापूरच्या हळदीत नवरदेवाच्या दोस्तांनी माझंच पान लावलं, अन् ऐन नाचात तुमचं भजन! पोरं हात जोडून उभी राहिली! मी समजलो मला कुणी करणी केली."

सगळे खो खो हसले. मलप्पानं गुरम्माकडून ईश्वरप्पांचा नंबर मिळवला, अन् नांदेडच्या मल्लेशनंच त्यांना व्हिडिओ कॉलवर घेतलं. "काका, नाचवणारा मी. हा न्हवं. ह्याचं गाव शिरूर अनंतपाळ, वाद्य पेटी. माझं नांदेड, बेंजो."

ईश्वरप्पा कडक माणूस. "मग त्या पानावर दोघं एक कसे झाले?"

महांतेश छताकडं बघू लागला. आयुष्यात पहिल्यांदा मलप्पाचा आवाज बारीक झाला. "माझी चूक हाय जी. चाळीस हजार आकडा बघितला अन् भाऊ माझाच म्हणून टाकलं."

ईश्वरप्पा म्हणाले, "पेटी उघडा."

मल्लेशनं भाता दाबला. अर्ध्या कडव्यातच ईश्वरप्पांनी डोळे मिटले. नांदेडवाला पलीकडून ओरडला, "काका, ह्याच्यावर नाचता येत न्हाई, बघा! हाच तुमचा!"

"हाच," ईश्वरप्पा म्हणाले. "पण पत्रिकेत नुसतं नाव छापणार न्हाई. वळख लिहावी लागंल."

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरम्मानं पत्रिकेचा फोटो धाडला. मलप्पानं चहाच्या गाड्यावर सगळ्यांना थांबवून मोठ्यानं वाचला: "भजनसेवा, श्री. मल्लेश स्वामी, पेटीवाले, शिरूर अनंतपाळ. मलप्पा स्वामी यांचे धाकटे बंधू." शेवटची ओळ त्यानं चार वेळा वाचली. पाचव्या वेळेला चहावाल्यानंच पाठ म्हणून दाखवली.