वीस वर्षांचा रोखा

घाटकोपरच्या आमच्या सहकारी बँकेत सरकारी रोखे मीच निवडायचे. पाच वर्षांच्या रोख्यावर साडेनऊ टक्के कूपन, म्हणजे ठरलेलं वार्षिक व्याज, होतं, वीस वर्षांच्या रोख्यावर दहा. त्या अर्ध्या टक्क्याला भुलून मी वीसचा घेतला, शंभर रुपये भावाने.

दोनच महिन्यांत तेवढ्याच मुदतीचे नवे रोखे साडेअकराने आले. मी कॅल्क्युलेटर ओढला. आमचं कूपन दहाच राहणार. विकत घेणाऱ्याला मात्र मुदतीपर्यंत साडेअकराचा परतावा हवा, म्हणजे भावच उतरणार. ड्युरेशन साडेआठच्या आसपास निघालं: परतावा एक टक्का चढला की भाव साधारण साडेआठ टक्के पडतो. दीड टक्का चढला होता. नेमका भाव आला अठ्ठ्याऐंशी. पाच वर्षांचा घेतला असता, तर सहाएक रुपयांच्या तोट्यावर भागलं असतं.

मॅनेजरसाहेब हसले. "बाई, व्याज दहा येतंय ना? मग तोटा कुठाय?"

"विकला की दिसेल, साहेब."

"मग विकायचाच नाही. मुदत संपली की शंभरचे शंभर मिळतील."

आमच्याकडे रोखा खरेदीच्या भावानेच वहीत राहायचा. दर मार्चला मी 'शंभर' लिहून सही ठोकायचे आणि आतल्या आत धुमसायचे. साहेबांवर कमी, स्वतःवर जास्त.

रोखा घेतला तेव्हा मी अडतीस वर्षांची होते आणि आमच्याकडे रिटायरमेंट अठ्ठावन्नला. रोखा आणि मी एकाच वर्षी सुटणार होतो.