तळहाताखालचा डोळा

मी सरकारी नेत्र चिकित्सा अधिकारी. लोक म्हणतात डोळ्याचे साहेब. नोकरीत मी शेकडो पुढाऱ्यांची भाषणं ऐकली आणि एकही लक्षात ठेवलं नाही. लक्षात राहिलं ते बार्शीटाकळीच्या एका गादीवाल्याचं, आणि त्यातलं एक वाक्य सरळ खोटं होतं.

इनायतुल्लाभाई कापूस पिंजायचे, गाद्या भरायचे. त्यांची बायको आयशाबी रजया शिवायची. त्या घरात नजर तपासायची एकच रीत, सुईत दोरा ओवता येतो की नाही. आयशाबीला चाळिशीनंतर दोरा दिसेना, तेव्हा हे काम धाकट्या मुलीकडे, उज्माकडे आलं. सहा वर्षांची पोर, पण एका झटक्यात ओवायची. शेजारच्या बायाही तिच्याकडे सुया घेऊन यायच्या.

त्याच वर्षी मोहल्ल्याच्या शाळेत आमचं शिबिर होतं. उज्मा रांगेत उभी होती. इनायतभाई कौतुकाने म्हणाले, "साहेब, हिले काय तपासता? साऱ्या मोहल्ल्याच्या सुया ओवते ही." दीडशे पोरं व्हायची होती, जेवणाची वेळ टळून गेली होती. मी हसलो. तिला नजर तपासायच्या तक्त्यासमोर उभंसुद्धा न करता तिच्या नावापुढे 'दोन्ही डोळे चांगले' लिहिलं आणि पुढच्या पोराला हाक मारली.

सुई जवळची असते आणि ती ओवायला एक डोळा पुरतो. हे इनायतभाईंना माहीत असायचं कारण नव्हतं. मला मात्र पगारच त्याचा मिळत होता.

उज्माच्या डाव्या डोळ्याला जन्मापासून मोठा नंबर होता. दोन डोळ्यांत एवढा फरक असला की मेंदू चांगल्याचंच ऐकतो आणि दुसऱ्याला बघायला शिकवतच नाही. सहाव्या वर्षी चश्मा लावून, चांगला डोळा रोज काही तास झाकला असता तर तो शिकला असता. पोर अकरा वर्षांची झाली. चुलीसाठी कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या मोडताना एक काटकी तिच्या उजव्या डोळ्यात गेली. चार दिवस मेडिकलमधले थेंब घातले, जखम चिघळली. मोठ्या दवाखान्यात नेईपर्यंत डोळा हातचा गेला होता. राहिला डावा. त्याला चश्मा दिला, तक्त्यावरच्या दोन ओळी वाढल्या, बस. माणूस समोर आलेला तिला कळतो. कोण आलंय ते आवाजावरून.

मला वाटलं होतं हा माणूस येऊन माझी कॉलर धरेल. धरली असती तर बरं झालं असतं. तो आला आणि म्हणाला, "साहेब, पुढच्या शिबिराले मले घेऊन चाला."

तेव्हापासून दोन वर्षं ते येत होते, स्वतःची मजुरी बुडवून. तो काळ वऱ्हाडात शेतकऱ्यांच्या आत्महत्यांचा होता. गावात जीप शिरली की लोक विचारायचे, कोणाच्या घरी झालं? याद्या करणारे, फोटो काढणारे येऊन गेलेले. लोकांना शिबिर म्हणजे भरायचा आणखी एक फॉर्म वाटायचा.

डिसेंबरात एका गावी असंच झालं. शाळेच्या पडवीत मी तक्ता टांगला, सहा मीटरवर रेघ मारली. आईबाप आले ते अंगणात पाय दुमडून बसले, चेहऱ्यावर 'आटपा लवकर'. पुढे देवीदास होता, वांगी-पालक पिकवून बार्शीटाकळीच्या बाजारात विकणारा. शेजारी त्याची बायको शकुन, मांडीवर सहा वर्षांची प्रतीक्षा.

"आमच्या पोट्टीले काही नाही झालं," देवीदास म्हणाला. "झाडावरचा पोपट दिसते तिले. आमाले बाजाराले जा लागते."

इनायतभाई उठले. टोपी नीट केली.

"भाऊ हो, बाया हो, मी डॉक्टर नाही. गाद्या भरतो. माही पोरगी सुई ओवे, म्हणून मले वाटे तिची नजर साऱ्यात तेज. साहेब तपासाले बलावत होते, म्याच म्हटलं, नोका तपासू. तिचा एक डोया आंधया होता आन मले ठाव नोयतं. तिलेई ठाव नोयतं. लेकरू कसं सांगीन? त्याले वाटते साऱ्यायले असंच दिसते.

"ते लहानी होती तवा मी खेयता खेयता तिच्या डोयावर हात ठेवो. डाव्यावर ठेवला तं हासे. उजव्यावर ठेवला तं रडे, हात झटके. मी म्हणो, लाडाची हाय. पाच वर्सं मी तेच म्हणत राहिलो. आता तिचा चांगला डोया गेला, आन आंधया तेवढा राहिला. आता मी तिच्यासमोर उभा राहून रडलो तरी तिले दिसत नाही.

"मी तुमाले काही मांगत नाही. आपापल्या लेकराच्या एका डोयावर हात ठेवा. बोटं नोका लावू, बोटाच्या फटीतून लेकरू पायते. तयहात ठेवा, दाबू नोका. मंग दुसऱ्यावर. बस."

दोन मिनिटांचं भाषण. टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत. अंगणात आईबापांचे हात पोरांच्या तोंडावर गेले, पोरं खिदळली. देवीदासनेही, चला एकदाचं म्हणून, प्रतीक्षाचा डावा डोळा झाकला. ती गप्प बसून राहिली. मग उजवा झाकला.

तिने हात ढकलला.

त्याने पुन्हा ठेवला. तिने डोकं मागे घेतलं, दोन्ही हातांनी बापाचं मनगट धरलं. "काढा ना बाबा."

"नाटक नोको करू," देवीदास म्हणाला. त्याने इनायतभाईंकडे पाहिलं, मग स्वतःच्या तळहाताकडे.

मी तिला रेघेवर उभं केलं. उजव्याने तिने शेवटच्या ओळीपर्यंत प्रत्येक खुणेचं तोंड कुठे ते बोटांनी दाखवलं. डाव्याने सगळ्यात वरची मोठी खूणसुद्धा दिसली नाही. मी सांगितलं, अकोल्याला नेऊन थेंब टाकून नंबर काढा, चश्मा लावा, मग डॉक्टर सांगतील तेवढे तास चांगला डोळा झाकायचा, कित्येक महिने. कशी पट्टी लावायची ते दाखवायला उजव्या डोळ्यावर कापसाची घडी चिकटवली. पोर जागच्या जागी चाचपडू लागली.

"बाबा, कुठी गेले तुमी?"

देवीदास तिच्यापासून हातभर अंतरावर होता. शकुनने पदर तोंडात कोंबला. इनायतभाईंनी पोरीचा हात धरून बापाच्या हातात दिला. "रडन ते," ते म्हणाले. "रोज रडन. पट्टी काढू नोका."

परतताना जीपमध्ये मला राहवलं नाही. दोन वर्षं पोटात ठेवलेलं बोललो. "भाई, तुम्ही खोटं सांगता. मी तिला तपासायला बोलावलं नव्हतं. मी न बघता लिहिलं."

"मले ठाव हाय."

"मग?"

"खरं सांगतलं तं लोक तुमच्यापाशी लेकरं आनतीन काय?"

त्यांनी मला माफ केलेलं नव्हतं. त्यांना माझी गरज होती, एवढंच.

बार्शीटाकळीला त्यांच्या दारासमोर जीप थांबली. उज्मा ओट्यावर बसली होती, तेरा वर्षांची, जाड भिंगाचा चश्मा. आम्ही उतरलो तशी ती उभी राहिली.

"कौन है?"

"मैं हूँ बेटा. साहब भी आए हैं."

तिने हात उचलून मला सलाम केला. मी उभा होतो त्याच्या जरा डावीकडे, जीपच्या दाराला.