आजीनं लांबूनच नमस्कार घेतला

मी लातूरला शाळेत शिकवते. दिवाळीच्या सुट्टीत नायगावजवळच्या आमच्या गावी गेले, की आधी आजीच्या पाया पडायचं आणि मग पिशवी खाली ठेवायची, हा माझा लहानपणापासूनचा रिवाज. त्या वर्षी मी वाकले आणि आजीनं पाय मागं घेतला.

"लांबूनच कर माय. पोचला तुझा नमस्कार मला."

मी हसून हात पुढं केला, तर तिनं लुगड्याचा काठ झटकन खाली ओढला. माझ्या बोटांना घोट्याच्या वर काहीतरी ओलसर लागलं. बोटं नाकाशी नेली. कापराचा वास होता, आणि कापराच्या खाली दुसरा एक. आजी माझ्याकडं न बघता काकूला म्हणाली, "पोरीला च्या टाक."

दोन दिवस मी नुसती बघत राहिले. आजीनं गावच्या शाळेत कितीतरी वर्षं पोरांची खिचडी शिजवली होती. चुलवणापाशी उभं राहायचं, मोठं पातेलं ढवळायचं, उभ्यानंच वाढायचं. ते काम सुटलं तरी घरातला स्वयंपाक तिनं कधी सोडला नव्हता. आता मात्र ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या अलीकडंच बसायची. भाकरी काकूच थापायची. "हात दुखून राहिले," आजी म्हणायची. पण त्याच हातांनी तिनं शेजारणीची गोधडी टाचून दिलेली मी पाहिली. माश्या तिच्या डाव्या पायाभोवतीच घोंघावतात, तेही दिसत होतं. लुगडं ती स्वतः धुवायची, कुणाला हात लावू द्यायची नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी काका-काकू शेतात होते. मी दाराला कडी घातली आणि तिच्या पायाशी जमिनीवर बसले.

"आजी, दाखव."

"काय दाखवू? कायबी न्हाई."

"मला हाताला लागलंय."

तिनं दाराच्या कडीकडं एकदा बघितलं. मग तिनं लुगडं वर सरकवलं आणि मान भिंतीकडं वळवली.

जुन्या धोतराची चिंधी जखमेला चिकटली होती. मी कोमट पाण्यानं ती हळूहळू भिजवून सोडवली. आतल्या बाजूला, घोट्याच्या जरा वर, तळहाताएवढी उघडी जखम होती. फार खोल नव्हती. कडा वेड्यावाकड्या, तळाशी लाल आणि पिवळट, आणि त्यातून पाणी झिरपत होतं. भोवतालची कातडी काळपट तपकिरी, लाकडासारखी टणक. पोटरीवर निळ्या शिरांच्या गाठी होत्या. त्या मी लहानपणीही पाहिल्या होत्या. आम्ही त्यांना बोटानं दाबून खेळायचो.

"कधीपासून?"

"बाजेचं लाकूड लागलं व्हतं. गेल्या उन्हाळ्यात. खपली धरायची अन् निघायची." हळद-तेल, कडुलिंबाच्या पाल्याचं पाणी, मेडिकलवरची पावडर, खाजेचं मलम, सगळं करून झालं होतं. मलमानं तर भोवती पुरळ उठलं होतं.

"सांगितलं का नाहीस?"

"माझ्या भावाचा पाय असाच व्हता. साखरेचा. आधी बोट कापलं, मग पाय, मग तो गेला." तिनं डोळ्याला पदर लावला. "अन् लोकाला कळलं असतं तर माझ्या हातचं कोण खाल्लं असतं, माय? काकूच्या लेकरायला लागलं म्हंजे? म्हून मीच बाजूला झाले."

मग मला कळलं, की तिनं चूल कोणत्या जिवानं सोडली होती. मी तिचा हात धरून बसले. 

दुसऱ्या दिवशी काकाच्या गाडीतून आम्ही नांदेडला गेलो. डॉक्टरबाई माझ्याच वयाच्या. त्यांनी आधी बोटातून रक्त घेऊन साखर तपासली. साखर ठीक निघाली. आजीचा विश्वास बसेना.

"मग भरंना का?"

"सांगते आजी. आधी पाय बघू द्या."

त्यांनी पावलावर बोटं ठेवून नाडी चाचपली. मग दंडाला पट्टा बांधून रक्तदाब घेतला आणि तसाच घोट्यालाही. पेनासारखं एक यंत्र पावलावर टेकवलं, तर खोलीभर आवाज घुमला, सूं-सूं, सूं-सूं. आजी दचकली.

"हे काय वाजून राहिलं?"

"तुमचंच रक्त. पायाकडं येणारं. जोरात येतंय, म्हणजे हा पाय कापायचा नाही."

आजीनं माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली. तिनं डॉक्टरबाईंना ते पुन्हा वाजवायला लावलं.

मग त्यांनी समजावलं. रक्त खाली नीट येतं, अडचण वर जाताना आहे. पायाच्या शिरांत छोट्या झडपा असतात, रक्त वर ढकललं की त्या मिटतात. बाळंतपणं आणि उभ्या कामाची वर्षं, यानं त्या सैल होतात. रक्त खाली साचतं, पाय सुजतो, कातडी काळी आणि कडक पडते. मग बारीक लागलं तरी भरत नाही. "मलम बदलून उपयोग नाही. साचलेलं रक्त वर गेलं पाहिजे. त्याला घट्ट आवळलेली पट्टी हाच उपाय. येणारं रक्तच कमी असतं तर ही पट्टी बांधता आली नसती. म्हणून आधी ते बघितलं."

"अन् हे दुसऱ्याला लागतं का?" आजीनं खालच्या आवाजात विचारलं.

"नाही. हात धुवा आणि खुशाल स्वयंपाक करा."

जखम साध्या सलाईनच्या पाण्यानं धुऊन त्यांनी वर न चिकटणारी जाळी ठेवली, पुरळावर वेगळं औषध लावलं. पाऊल काटकोनात धरून बोटांच्या मुळापासून गुडघ्याखालपर्यंत पट्टी गुंडाळली, आधी मऊ कापसाची, वर ताणाची. घोट्याशी घट्ट, वर सैल होत जाणारी. बोटं निळी किंवा गार पडली, मुंग्या आल्या, तर लगेच सोडायची. ताप आला, लाली पसरली, तर लगेच यायचं. चालायचं, पण लटकते पाय ठेवून बसायचं नाही. निजताना पाय छातीपेक्षा उंच.

पट्टी वेळच्या वेळी बदलायला हवी होती, म्हणून मी तिला माझ्याकडं लातूरला आणलं. इथल्या दवाखान्यातली नर्स सुरुवातीला आठवड्यातून दोनदा पट्टी बदलायची. पहिले काही दिवस आजीनं फार कुरकुर केली. एका संध्याकाळी मी शाळेतून आले, तर पट्टी सोडून तिची गुंडाळी उशाशी ठेवलेली, आणि पाय भोपळ्यासारखा सुजलेला.

"आवळलं व्हतं लई."

मी रागावले नाही. सूज दाखवली, आणि मागच्या खेपेला मोबाईलवर काढलेला फोटो दाखवला, ज्यात घोट्याचं हाड दिसू लागलं होतं. ती दोन्ही पाहत राहिली. मग म्हणाली, "चल, बांधून घेऊ." त्यानंतर तिनं पट्टी सोडली नाही. पाणी झिरपायचं कमी झालं, वास गेला, आणि कडेनं पांढुरकी, झिरझिरीत नवी कातडी आत सरकू लागली. नर्स म्हणायची, घाई नको, हे असंच हळू येतं. होळी झाली तेव्हा मध्ये चिंचोक्याएवढी जागा उरली होती. उन्हाळ्यात तीही मिटली.

डॉक्टरबाईंनी शिरांवर लेझरचा उपचारही सुचवलाय. आजी म्हणते, बघू. पण जखम पुन्हा उघडू नये म्हणून पट्टीच्या जागी घट्ट मोजे आता कायमचे आहेत. ती ते सकाळी बाजेवरून पाय खाली टेकवायच्या आधीच चढवते. बोटांवर पातळ प्लास्टिकची पिशवी घालते, त्यावरून मोजा ओढते आणि पुढच्या उघड्या टोकातून पिशवी काढून घेते. मी मदतीला गेले की हात झिडकारते.

"सर गं. तुला न्हाई जमायचं. घडी पडली म्हंजे रुततंय."

मग ती मोजा तळहातानं वरपर्यंत सारखा करते, पाय जरा पुढं धरून बघते, आणि स्वतःशीच म्हणते, "हाव, बसला."